कार्ड बदललं, तरी पैसे कापले जातात ते कसे?

समजा, एका ग्राहकाने दरमहा 199 रुपयांच्या ओटीटी सबस्क्रिप्शनला आपलं क्रेडिट कार्ड जोडलं आहे. पैसे दर महिन्याच्या 5 तारखेला कापले जातात. कार्डावर मुदत आहे 08/25, म्हणजे 31 ऑगस्टला ते संपणार. बँकेने आधीच नवं कार्ड घरी पाठवलं. त्याचा नंबर, मुदत, सीव्हीव्ही सगळंच वेगळं आहे. ग्राहकाने ओटीटीच्या अ‍ॅपमध्ये काहीच बदललं नाही, तरी 5 सप्टेंबरला 199 रुपये नव्या कार्डावर बरोबर पडले.

याचं कारण असं, की ओटीटी कंपनीकडे त्याच्या कार्डाचा नंबर मुळात नव्हताच. 1 ऑक्टोबर 2022 पासून भारतात कार्डाचा पूर्ण नंबर साठवून ठेवण्याची मुभा फक्त कार्ड देणारी बँक आणि व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारखी कार्ड नेटवर्क यांनाच आहे. रिझर्व्ह बँकेच्या या नियमामुळे दुकानदाराकडे उरतं ते टोकन. दिसायला तो कार्डाच्या नंबरासारखाच एक आकडा असतो, पण तो एका कार्डाचा एका विशिष्ट दुकानापुरताच असतो. चोराच्या हाती लागला तरी दुसऱ्या दुकानात तो चालत नाही.

कोणतं टोकन कोणत्या कार्डाचं, ही नोंद नेटवर्ककडे असते, आणि कार्ड बदलल्यावर बदलते ती फक्त ही नोंद. बँक नेटवर्कला कळवते, की या जुन्या नंबराऐवजी आता हा नवा नंबर धरा. टोकन तसंच राहतं. गॅसचा सिलिंडर दर वेळी वेगळा येतो, पण आपला ग्राहक क्रमांक तोच असतो, तसंच हे. 5 तारखेला ओटीटी कंपनीने नेहमीचंच टोकन पाठवलं, नेटवर्कने त्यामागचा नवा नंबर काढून बँकेकडे धाडला आणि बँकेने मंजुरी दिली. जुन्या पद्धतीत कंपनीने साठवलेला जुना नंबर आणि 08/25 ही मुदतच पाठवली असती, आणि बँकेने ‘कार्डाची मुदत संपली’ म्हणून व्यवहार परत केला असता.

परदेशात अनेक ठिकाणी ही अदलाबदल ग्राहकाला न विचारता होते. आपल्याकडे तसं नाही. कार्डाचं नूतनीकरण झालं किंवा ते बदलून दिलं, तर आधीच्या दुकानांशी नवं कार्ड जोडायला बँकेने ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यावी, असं रिझर्व्ह बँकेने 2021 सालीच सांगितलं आहे. हा नियम मला योग्य वाटतो. आपल्या नव्या कार्डावर कुणाचा हात पोचावा, हे आपणच ठरवायला हवं. आपल्या उदाहरणातल्या ग्राहकाने नवं कार्ड सुरू करताना बँकेच्या अ‍ॅपमध्ये ही संमती दिली होती. बँकेचे असे संदेश जाहिरात समजून पुसून टाकले, तर गाडी इथेच अडते.

संमती दिली तरी आणखी एक गोष्ट जुळावी लागते. टोकन फक्त कार्ड ओळखतं. दरमहा पैसे कापण्याची परवानगी म्हणजे ई-मँडेट, आणि त्याची नोंद बँकेकडे वेगळी असते. बँकेने हे मँडेट जुन्या कार्डावरून नव्यावर आणलं नाही, तर टोकन ठणठणीत असूनही पैसे कापले जात नाहीत. शिवाय नवं कार्ड येतं तेव्हा त्यावर ऑनलाइन व्यवहार बंद असतात. ते आपणच सुरू करायचे असतात. आणि व्हिसाच्या जागी बँकेने रुपे कार्ड दिलं, तर नेटवर्कच बदलतं. तिथे जुनं टोकन निरुपयोगी होतं आणि कार्ड नव्याने जोडावं लागतं.

सगळं जुळलंय की नाही, हे आधीच कळू शकतं. ई-मँडेटवर पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेने सूचना पाठवायची असते. नवं कार्ड आल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात या सूचनेची वाट पाहा. ती आलीच नाही, तर बँकेचं अ‍ॅप उघडून मँडेटची यादी तपासा. विम्याचा हप्ता असेल तर हे नक्की करा, कारण तिथे एक चुकलेला हप्ता महागात पडतो.

याची दुसरी बाजूही आहे. जुनं कार्ड कापून फेकलं म्हणजे नको असलेलं सबस्क्रिप्शन आपोआप बंद होईल, हा भरवसा आता धरता येत नाही. बंद करायचं असेल, तर त्या सेवेच्या अ‍ॅपमध्ये ते रद्द करा आणि बँकेकडचं मँडेटही काढून टाका.