कुकर आतून काळा का पडतो?

नवा कुकर घरात आला की पहिले काही दिवस त्याच्या आत तोंड दिसतं. मग वरणभाताचा कुकर दोनचार वेळा लागतो आणि आतल्या बाजूला राखाडी पट्टा उमटतो. नीट बघा, तो पट्टा बरोबर जिथवर पाणी होतं तिथवरच असतो. वरचा भाग अजून चकचकीत. डाळ आणि तांदूळ आतल्या भांड्यांत होते, कुकरच्या तळाशी फक्त नळाचं पाणी. म्हणजे अन्न करपलेलं नाही. काळं केलं ते पाण्यानं.

ॲल्युमिनियमला, म्हणजे आपल्या आज्या ज्याला जर्मन म्हणायच्या त्या धातूला, हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. केसाच्या जाडीच्या हजारो पट पातळ आणि पारदर्शक. हाच थर भांड्याला सांभाळतो. पण त्याला फार आंबट चालत नाही आणि फार खारंही, म्हणजे सोड्यासारखं अल्कधर्मी, चालत नाही. पीएच साधारण ४ ते ९ असेपर्यंत तो टिकून राहतो. नळाचं पाणी, त्यातही बोअरचं जड पाणी, थोडंसं अल्कधर्मी असतं आणि उकळताना ते आणखी तसं होतं. अशा पाण्यात थर फुगतो, जाड आणि ओबडधोबड होतो, पाण्यातलं लोह आणि क्षार त्यात अडकतात. गुळगुळीत पृष्ठभाग उजेड परत फेकतो, ओबडधोबड थर तो गिळतो. म्हणून काळं दिसतं.

धुण्याचा सोडा, डिशवॉशरची पावडर, भिजत ठेवलेली राख यांनी हेच अधिक जोरात होतं. डिशवॉशरमध्ये गेलेलं ॲल्युमिनियमचं झाकण एका धुण्यात पाटीसारखं काळं होऊन बाहेर येऊ शकतं. खायच्या सोड्यानं कुकर उजळतो असं सर्रास सांगितलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. सोडा घातलेलं पाणी तापवलं की तो हळूहळू धुण्याच्या सोड्यात बदलतो, आणि काळेपणा त्यानंच वाढतो. व्हिनेगर आणि सोडा एकत्र घातले तर फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात.

इलाज आंबटात आहे. टोमॅटोचं सार किंवा चिंचेची आमटी काळ्या पातेल्यात केली की पातेलं आतून उजळतं, हे अनेकींनी पाहिलं असेल. काळा थर आंबटात विरघळतो, पण तो जातो आमटीत. तेवढ्यानं विषबाधा होत नाही, तरीही आंबट पदार्थ या भांड्यात शिजवून तासन् तास ठेवू नये. त्यापेक्षा नुसत्या पाण्याला आंबट करून भांडं उजळवावं.

माझ्या पाच लिटरच्या कुकरला मी असं करते. रिंग आणि शिटी काढून बाजूला ठेवते, झाकण लावतच नाही. काळ्या पट्ट्याच्या बोटभर वर येईल इतकं, साधारण दोन लिटर, पाणी घालते. त्यात चार पोह्यांचे चमचे व्हिनेगर किंवा तेवढाच लिंबाचा रस. व्हिनेगर नसेल तर लिंबाएवढा चिंचेचा गोळा. मंद आचेवर दहा मिनिटं उकळू देते. पट्टा फिकट होताना डोळ्यांना दिसतो आणि पाणी गढूळ होतं. कोमट झालं की पाणी ओतून टाकते, काथ्यानं आणि साध्या लिक्विडनं घासते, लगेच पुसून कोरडं करते. झाकणाच्या आतून अर्धं लिंबू फिरवलं की पुरतं. तारेची घासणी नको, ओरखडे उठतात आणि त्यांत पुन्हा घाण धरते. पाण्यात मीठही नको, त्यानं धातूला बारीक खड्डे पडू शकतात.

पट्टा पुन्हा येऊ नये म्हणून रोजच्या कुकरच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची अख्खी साल टाकावी. चिंचही चालते, पण तिचा चोथा शिटीच्या नळीत अडकायची भीती असते, म्हणून मी सालीवरच भर देते. तरीही कुकर लावण्याआधी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय ना, ते पाहावंच.

कॉस्टिक सोडा आणि नाली साफ करायची पावडर ॲल्युमिनियमजवळ आणूच नये. धातू खाल्ला जातो, भांडं तापतं आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. संडासात वापरायचं ॲसिड आणि ब्लीचही नको.

आंबटानं उकळूनही काही डाग राहतात. पांढरट, खरखरीत असेल तर ते जड पाण्याचं किटण. आणखी एकदा उकळल्यावर सुटतं. नखाला लागतील असे टोकदार खड्डे असतील तर धातूच गेलेला आहे, तो कशानंही परत येत नाही, आणि खड्डे कुकरच्या काठाशी किंवा तळाशी खोल असतील तर तो कुकर बदलावा. हार्ड ॲनोडाइज्ड कुकरचा गडद रंग मात्र मुद्दाम चढवलेला असतो. त्यावर हा प्रयोग करू नका, रंग उडाला तर ते कवच गेलं.