आगकाड्यांची मौज

दादासाहेब फाळके म्हटले, की ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. परंतु १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपटही केला, हे आपल्या घरांतून फारसे ठाऊक नसते. नटांच्या जागी केवळ काड्या! काडी किंचित सरकवावयाची, एक चित्र टिपावयाचे, पुन्हा सरकवावयाची. मूकपटाचा वेग सेकंदास १६ चित्रांचा धरला, तर एका मिनिटासाठी हा खटाटोप ९६० वेळा. मध्येच उजेड बदलला, तर पडदा लुकलुकतो. बोटाचा धक्का लागला, तर काडी एकाएकी उडी मारते. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ सालीच असा प्रयोग केला होता. फाळक्यांचा चित्रपट मात्र आज उपलब्ध नाही.

मुलांना तशाच हातमेहनतीचे काही दाखवावयाचे असेल, तर गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ (२००६) पाहावा. पंधरा मिनिटांचा, हाताने रंगविलेला. एकाकी वृद्धा, तिचे मांजर आणि आगपेट्यांवरील चित्रे. घर करड्या रंगात, आगपेटीतील जग मात्र झगझगीत. संवाद नाहीत. ग्वाल्हेरीत वाढलेल्या आपल्या मुलांची मराठी अडखळते, आजीची हिंदी. हा चित्रपट दोघांना शेजारी बसून पाहता येतो.