गल्ल्याचा हिशेब खात्यांत

मैत्रिणींनो, लेण्याद्रीच्या पायथ्याशी तुमचं पेढे-नारळांचं दुकान आहे असं समजा. संध्याकाळी विक्री टॅलीत चढवायची आहे. पेढ्यांचे २६०० रुपये ‘पेढे विक्री’त आणि नारळ-फुलांचे १६०० ‘पूजासाहित्य विक्री’त जमा करा, म्हणजे काय किती खपलं ते वेगळं कळतं.

आता नावे बाजू. रोख २५०० ‘रोकड’ खात्याला. फोनवरून आलेले १७०० मात्र थेट बँकेला नकोत, ‘यूपीआय येणे’ला लिहा, दुकानाच्या क्यूआरचे पैसे पुष्कळदा दुसऱ्या दिवशी एकरकमी येतात. ते आले की बँक नावे, ‘येणे’ जमा.

बँकेत १२००च आले, तर ‘येणे’त ५०० उरलेले दिसतील. मग बघा, गिऱ्हाइकानं ते घरच्या नंबरावर तर नाही ना पाठवले? थेट बँकेत लिहिलं असतं, तर ही चूक पासबुक भरेपर्यंत कळली नसती!