नसलेल्या गोष्टींचा भूतकाळ

‘आय विश आय वर टॉलर.’ हे वाक्य फळ्यावर लिहिले की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. ‘आय’ तर एकवचनी. मग त्याच्यापुढे ‘वॉज’ यायला हवे, अनेकवचनी ‘वर’ कसे चालेल? शिक्षक बहुधा ‘हा नियमच आहे’ एवढे सांगून पुढे जातात. मुले नियम पाठ करतात आणि नंतर एखाद्या इंग्रजी मालिकेत कुणी सरळ ‘आय विश आय वॉज’ म्हणताना ऐकले की गोंधळतात. खरे कोणाचे, पुस्तकाचे की मालिकेतल्या माणसाचे?

दोघांचेही. मात्र कुठे काय शोभते हे कळायला हे ‘वर’ आले कुठून ते पाहावे लागते.

आधी एक गैरसमज दूर करू. या वाक्यातले ‘वर’ अनेकवचनी नाहीच. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाला दोन वेगळी रूपे असत. घडलेली गोष्ट सांगायला एक आणि नुसती कल्पिलेली, इच्छिलेली किंवा शंकास्पद गोष्ट सांगायला दुसरे. ‘तो होता’ यासाठी एकवचनात ‘वॅस’, आणि ‘तो असता तर’ यासाठी, तेही एकवचनातच, ‘वॅरे’. इतर क्रियापदांत हा फरक मुख्यतः शेवटच्या प्रत्ययात होता. बोलता बोलता प्रत्यय झिजले आणि फरकही गेला. ‘असणे’ या क्रियापदात मात्र तो शब्दाच्या अंगातच होता, एकीकडे ‘स’ आणि दुसरीकडे ‘र’. म्हणून तो टिकला. आज इंग्रजीत कल्पनेचे स्वतंत्र भूतकाळी रूप उरले आहे ते एवढेच, तेही फक्त ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’ यांच्यापुरते. ‘यू’ आणि ‘दे’ यांना एरवीही ‘वर’च लागते, त्यामुळे तिथे फरक दिसतच नाही.

मराठी माणसाला हे परके वाटायचे कारण नाही. ‘बाबा घरी असतात’ हे रोजचे, पण ‘आज बाबा असते तर’ हे नसलेल्याचे. ‘सूर्य पूर्वेला असतो’ म्हणतो, पण निबंधाचा विषय ‘सूर्य नसता तर’ असा असतो. ‘सूर्य नसतो तर’ असे पाचवीतले मूलही लिहिणार नाही. आपल्या व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. गंमत अशी, की आपल्याकडेही हा फरक प्रत्येक पुरुषात दिसत नाही. ‘मी रोज घरी असतो’ आणि ‘मी पंतप्रधान असतो तर’ यांत ‘असतो’ तेच. ‘तो’ आला की मात्र ‘असतो’ आणि ‘असता’ वेगळे होतात. इंग्रजीने ‘आय’ आणि ‘ही’ यांच्यापाशी फरक सांभाळला, आपण ‘तो’ आणि ‘ती’ यांच्यापाशी.

आता काळाचे. ‘विश’ किंवा ‘इफ ओन्ली’ यांच्यामागून येणारे वाक्य दिसते भूतकाळी, पण बोलते आजच्याबद्दल. इंग्रजीची युक्ती एवढीच, की जे खरे नाही ते एक पाऊल मागे ढकलायचे. सकाळच्या बसचेच उदाहरण घ्या. तुम्ही थांब्यावर उभे आहात आणि बस रोजच्यासारखी उशिरा आहे. आत्ता ती वेळेवर असती तर बरे, असे म्हणायचे तर ‘आय विश द बस वर ऑन टाइम’. कालच्या उशिरामुळे मुलाखत हुकली, त्याची हळहळ असेल तर आणखी एक पाऊल मागे जायचे: ‘आय विश द बस हॅड बीन ऑन टाइम’. इथे वॉज-वरचा वादच नाही. आणि बसने आता यावे, कुणीतरी काहीतरी करावे, असा वैताग असेल तर ‘आय विश द बस वुड कम’. या तिन्ही वाक्यांत ‘आय विश’च्या जागी ‘इफ ओन्ली’ घातले तरी रचना तीच राहते, फक्त तळमळ वाढते. ‘ओन्ली इफ’ मात्र उलटवू नका. त्याचा अर्थ ‘तरच’, ती अट झाली.

मराठी बोलणाऱ्यांची खरी चूक वॉज-वरमध्ये होतच नाही. ती होते ‘आय विश आय हॅव अ कार’ आणि ‘आय विश यू विल पास’ या वाक्यांत. पहिल्यात ‘हॅड’ हवे, कारण गाडी नाही. दुसऱ्यात ‘विश’च नको, ‘होप’ हवे, कारण मुलगा पास होऊ शकतो. ज्याची शक्यता मोकळी आहे त्याची आशा करायची. ‘विश’मागे असे वाक्य आले की दार जवळजवळ बंद आहे असे समजावे.

मग ‘वॉज’ चूक का नाही? कारण अशा वाक्यांत इंग्रज माणूस ‘वॉज’ म्हणतो आहे त्याला तीनशेहून अधिक वर्षे झाली. 1859 साली डॅन एमेटने रचलेले अमेरिकी गाणे ‘आय विश आय वॉज इन डिक्सीज लँड’ या नावानेच छापले गेले. रेमंड मर्फीच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या व्याकरणाच्या पुस्तकात ‘इफ’ आणि ‘विश’नंतर दोन्ही रूपे चालतात असे सांगितले आहे. आपल्याकडे ‘वर’चा आग्रह पक्का झाला तो रेन अँड मार्टिनसारख्या पुस्तकांमुळे. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि ‘बो जेस्ट’ ही साहसकथा लिहिणारे तेच, हे पुस्तक घोकणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. त्यांच्या काळातल्या छापील इंग्रजीला तो आग्रह शोभणारा होता. माझे मत विचाराल तर बोलताना ‘वॉज’ बिनधास्त म्हणावे. परीक्षेत, अर्जात, भाषणात ‘वर’ लिहावे, कारण त्याला कोणी चूक म्हणत नाही.

दोन जागी मात्र निवड नाही. ‘इफ आय वर यू’ हा सल्ला देण्याचा ठरीव सूर आहे. तिथे ‘वॉज’ ऐकू येते, पण कानाला खटकते. आणि ‘इफ’ गाळून ‘वर आय रिच’ असे उलटे वाक्य केले तर ‘वॉज’ मुळीच चालत नाही.

नियम नको इतका पाठ झाला की उलटी चूक होते. ‘इफ’ दिसला की ‘वर’ ठोकायचे. ‘डॉक्टरांनी मला बरे नाही का, असे विचारले’ यासाठी ‘द डॉक्टर आस्क्ड इफ आय वर इल’ लिहिणारे बरेच भेटतात. इथला ‘इफ’ म्हणजे ‘का’, त्यात नसलेले काही कल्पिलेले नाही, म्हणून ‘वॉज’. तसेच ‘तो काल सभेत होता, तर त्याने ऐकले असणारच’. तो होता की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, कदाचित असेलही, म्हणून ‘इफ ही वॉज देअर’. ओळखायचे कसे? ते वाक्य मराठीत म्हणून पाहावे. ‘असता’, ‘असती’, ‘असते तर’ आपोआप तोंडात आले तर ‘वर’ला जागा आहे. ‘होता’ आले तर ‘वॉज’च ठेवावे.