व्हीपीएनच्या चौकटीत ‘ओके’ म्हटल्यावर

व्हीपीएनचं ॲप पहिल्यांदा सुरू केलं की अँड्रॉइड फोनवर एक चौकट येते. मथळा असतो ‘Connection request’. खालचा मजकूर सांगतो की या ॲपला व्हीपीएन जोडणी उभारायची आहे, त्यामुळे त्याला नेटवर्कवरच्या रहदारीवर लक्ष ठेवता येईल आणि ॲपच्या मूळ स्रोतावर विश्वास असेल तरच होकार द्यावा. बहुतेक जण तो न वाचता ‘ओके’ दाबतात. जे वाचतात त्यांतले काही घाबरून ॲपच काढून टाकतात. वास्तविक या मजकुरातलं एकही वाक्य उगाच लिहिलेलं नाही आणि त्यात अतिशयोक्तीही नाही. होकार देताना नेमकं काय हातातून सुटतं, हे कळलं की निर्णय सोपा होतो.

ही चौकट ॲप दाखवत नाही, फोनची यंत्रणा दाखवते. ॲपला तिचा मजकूर बदलता येत नाही आणि ती टाळताही येत नाही. कॅमेरा, माइक, संपर्कयादी यांच्या नेहमीच्या परवानग्यांच्या रांगेतही ही परवानगी बसत नाही. कॅमेऱ्याची परवानगी एका ॲपला एक साधन देते. व्हीपीएनची परवानगी एका ॲपला फोनमधल्या बाकीच्या सगळ्या ॲप्सच्या वाटेवर उभं करते. अँड्रॉइडमध्ये एक ॲप दुसऱ्याच्या कामात डोकावू शकत नाही, हा मूळ नियम आहे. त्या नियमाला इथे मोठी सवलत द्यावी लागते, म्हणूनच यंत्रणा मालकाला वेगळं विचारते. ही सोय २०११मध्ये अँड्रॉइड ४.० बरोबर आली.

‘ओके’ दाबल्यावर यंत्रणा फोनमध्ये एक काल्पनिक नेटवर्क कार्ड तयार करते. असं कार्ड प्रत्यक्षात नसतं, पण बाकीच्या ॲप्सना ते वायफाय किंवा मोबाइल डेटासारखंच भासतं. कोणती रहदारी या कार्डाकडे वळवायची, हे व्हीपीएन ॲप सांगतं. सगळीच वळवायची असेल, तर त्याच्या प्रोग्रॅममध्ये ही एक ओळ पुरते:

```
addRoute("0.0.0.0", 0)
```

याचा अर्थ, जुन्या पद्धतीचा म्हणजे आयपीव्ही४ पत्ता कोणताही असो, माल माझ्याकडे पाठवा. नव्या आयपीव्ही६ पत्त्यांसाठी अशीच वेगळी ओळ लागते. मग ब्राउझर, व्हॉट्सॲप, बँकेचं ॲप, हवामानाचं ॲप यांतून बाहेर पडणारी माहितीची तुकडी न तुकडी आधी व्हीपीएन ॲपच्या हाती येते. ॲप ती कुलूपबंद करून आपल्या सर्व्हरकडे पाठवतं, सर्व्हर ती पुढे मूळ पत्त्यावर धाडतो आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. इथे एक पेच उद्भवतो. सगळी रहदारी व्हीपीएन ॲपकडे वळवली, तर त्याने स्वतः सर्व्हरकडे पाठवलेली माहितीही फिरून त्याच्याकडेच येईल. म्हणून आपली स्वतःची वाट या वळणातून वगळण्याची मुभाही ॲपला याच परवानगीत मिळते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही पुणे स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसला आहात. तिथल्या वायफायवर व्हीपीएन चालू करून ब्राउझरमध्ये बँकेचं संकेतस्थळ उघडता. फोन सर्वांत आधी बँकेच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा आकडी पत्ता विचारतो. हा प्रश्न बहुधा व्हीपीएन ॲपच्या हातून जातो, म्हणजे बँकेचं नाव त्याला कळलं. मग ब्राउझर त्या पत्त्याशी जोडणी सुरू करतो आणि पहिल्याच संदेशात, कुलूप लागण्यापूर्वी, कोणत्या संकेतस्थळाशी बोलायचं आहे ते नाव बहुतेक वेळा उघडपणे लिहिलेलं असतं. त्यानंतर ब्राउझर आणि बँक यांच्यात कुलूप लागतं. पुढचा पासवर्ड, खात्यातली शिल्लक, कोणाला किती पैसे पाठवले, यातलं काहीही व्हीपीएन ॲपला वाचता येत नाही. पाकिटावरचा पत्ता, टपालाची वेळ आणि पाकिटाचं वजन त्याला दिसतं, आतली चिठ्ठी दिसत नाही. एसएमएसने येणारा ओटीपी तर या वाटेने येतच नाही. तो वाचायला एसएमएसची स्वतंत्र परवानगी लागते. साधे फोन कॉलही या वाटेबाहेरच राहतात. फोटो, संपर्क, फाइल यांना या परवानगीने हात लागत नाही.

ज्या संकेतस्थळाचा पत्ता अजूनही साध्या ‘http’ने सुरू होतो, तिथे मात्र सगळंच उघडं असतं. अशा ठिकाणी व्हीपीएन ॲप पानावरचा शब्दन् शब्द वाचू शकतं, हवा तर बदलूही शकतं.

चिठ्ठी दिसत नाही, एवढ्यावर निश्चिंत होणं मला पटत नाही. नुसत्या पत्त्यांची यादीच फार बोलकी असते. कोणत्या आजाराच्या रुग्णालयाचं संकेतस्थळ किती वेळा उघडलं, नोकरी शोधण्याचं ॲप कोणत्या आठवड्यात चालू झालं, कर्ज देणारं ॲप रात्री दोन वाजता का उघडलं, हे सगळं त्या यादीतून कळतं. अँड्रॉइड १० पासून कोणती जोडणी कोणत्या ॲपची आहे, हेही व्हीपीएन ॲपला यंत्रणेकडून विचारता येतं.

या यादीची किंमत किती, हे ओनावो या ॲपच्या कथेतून जगाला दिसलं. ओनावो ही इस्रायली कंपनी फेसबुकने २०१३मध्ये विकत घेतली. ‘ओनावो प्रोटेक्ट’ हे तिचं मोफत व्हीपीएन ॲप तुमची माहिती सुरक्षित ठेवतं अशी त्याची जाहिरात होती. वापरणाऱ्यांची रहदारी कंपनीच्या सर्व्हरवरून जात असल्यामुळे लोक कोणतं ॲप किती वापरतात, हे फेसबुकला कळू लागलं. ब्रिटिश संसदेच्या समितीने डिसेंबर २०१८मध्ये खुल्या केलेल्या कागदपत्रांत व्हॉट्सॲपच्या वाढत्या वापराचे ओनावोच्या माहितीवरून काढलेले तक्ते आहेत. ते तक्ते व्हॉट्सॲपची खरेदी होण्यापूर्वीच्या काळातले आहेत. त्या खरेदीची घोषणा फेब्रुवारी २०१४मध्ये झाली. पुढे ऑस्ट्रेलियातल्या ग्राहक आयोगाने दावा लावला आणि जुलै २०२३मध्ये तिथल्या न्यायालयाने मेटाच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. माहिती मेटाच्या व्यावसायिक फायद्यासाठी वापरली जाईल, हे ग्राहकांना पुरेसं स्पष्ट सांगितलं नव्हतं, हा मुद्दा होता. यात कोणाचाही फोन फोडला गेला नव्हता. प्रत्येकाने चौकटीतला होकार स्वतः दिला होता.

या कथेला आणखी एक पदर आहे आणि तो जास्त गंभीर आहे. जानेवारी २०१९मध्ये उघड झालं की फेसबुक एका संशोधन ॲपसाठी तरुणांना, अगदी १३ वर्षांपासूनच्या मुलांनाही, महिन्याला २० डॉलरपर्यंत मोबदला देत होती. त्या ॲपने व्हीपीएनबरोबरच फोनमध्ये एक मूळ प्रमाणपत्र बसवून घेतलं होतं. असं प्रमाणपत्र बसलं की मधल्या माणसाला स्वतःची ओळख खऱ्या संकेतस्थळाची म्हणून पटवता येते आणि कुलूपबंद मजकूरही वाचता येतो. म्हणून माझ्या मते व्हीपीएनच्या चौकटीपेक्षा घाबरण्याची जागा ही आहे. एखादं व्हीपीएन ॲप ‘CA certificate’ बसवायला सांगत असेल, तर तिथेच थांबावं. अँड्रॉइड ७ पासून बहुतेक ॲप्स वापरणाऱ्याने बसवलेल्या प्रमाणपत्रावर आपणहून विश्वास ठेवत नाहीत आणि अँड्रॉइड ११ पासून कोणत्याही साध्या ॲपला ते बसवण्याची चौकट परस्पर उघडता येत नाही, तुम्हाला स्वतः सेटिंग्जमध्ये जावं लागतं. म्हणूनच फसवणारे लोक पायरीपायरीच्या सूचना देतात. कार्यालयाने दिलेल्या फोनमध्ये कंपनीचं प्रमाणपत्र असू शकतं, पण ते तिथे आहे हे कर्मचाऱ्याला ठाऊक असायला हवं.

परवानगीची चौकट आणखी एका बाबतीत गप्प असते. रहदारी हाती आल्यावर ॲप ती खरोखर कुलूपबंद करतं का, हे अँड्रॉइड तपासत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१६मध्ये ही परवानगी मागणारी २८३ अँड्रॉइड ॲप्स तपासली. त्यांतली १८ टक्के ॲप्स फोन ते सर्व्हर या टप्प्यात कुलूपच लावत नव्हती. स्टेशनच्या वायफायवर सुरक्षेसाठी व्हीपीएन चालू केलेल्या माणसाला यात मिळतो तो फक्त एक जास्तीचा मध्यस्थ.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण काही प्रामाणिक ॲप्सवर लोक विनाकारण संशय घेतात. जाहिराती अडवणारी किंवा नेटगार्डसारखी ॲप्सना इंटरनेट नाकारणारी साधनं हीच परवानगी मागतात. इतर ॲप्सची रहदारी गाळण्याचा दुसरा दरवाजा साध्या ॲपसाठी अँड्रॉइडने ठेवलेलाच नाही. अशी ॲप्स काल्पनिक कार्डावर येणारी रहदारी फोनमध्येच तपासतात आणि नको ती टाकून देतात. बाहेरच्या सर्व्हरचा प्रश्नच येत नाही. ॲप दोन्हींपैकी कोणत्या जातीचं आहे, याचा अंदाज घरबसल्या घेता येतो. आपला आयपी पत्ता दाखवणारं एखादं संकेतस्थळ ॲप बंद असताना उघडा आणि मग ॲप चालू करून पुन्हा उघडा. पत्ता बदलला, तर तुमची रहदारी दुसऱ्या सर्व्हरवरून जाते आहे आणि तो सर्व्हर कोणाचा, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. फक्त जाहिराती अडवण्याचं वचन देणाऱ्या ॲपने पत्ता बदलला, तर मी त्याला फोनमध्ये ठेवणार नाही.

एका वेळी एकच व्हीपीएन चालू शकतो, हेही लक्षात असू द्या. कार्यालयाचा व्हीपीएन चालू केला की जाहिराती अडवणारं ॲप बंद पडतं. त्यात बिघाड झालेला नसतो, कार्डावरचा ताबा दुसऱ्याकडे गेलेला असतो.

चौकटीतला प्रश्न त्या ॲपसाठी पहिल्यांदाच येतो, नंतर ॲप न विचारता जोडणी उभारू शकतं. होकार मागे घ्यायचा, तर सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या विभागातलं व्हीपीएनचं पान उघडा. तिथे परवानगी मिळालेल्या ॲप्सची यादी असते. कधीतरी गंमत म्हणून बसवलेलं आणि विसरलेलं एखादं ॲपही त्यात सापडतं. नावासमोरच्या चक्रावर टिचकी मारून ‘Forget’ निवडलं की परवानगी संपते. त्याच पानावर अँड्रॉइड ७ पासून ‘Always-on VPN’ हा पर्याय आहे आणि अँड्रॉइड ८ पासून ‘Block connections without VPN’ हाही. दुसरा चालू असेल आणि व्हीपीएनची वर्गणी संपली, तर वायफायची खूण पूर्ण दिसूनही फोनवर काहीच उघडत नाही. अशा वेळी राउटर बंद-चालू करत बसण्याआधी या पानावर जाऊन ती कळ बंद आहे का, ते पाहावं.