सहा उमेदवार, दोन मुळं आणि एक x

`y''' − 3y'' + 4y = 0` हे समीकरण आपल्याला असं फलन शोधायला सांगतं, ज्याचं तिसरं विकलन, वजा दुसऱ्याची तिप्पट, अधिक मूळ फलनाची चौपट, ही बेरीज कुठल्याही x ला शून्यच येईल. विकलन करूनही ज्याचा चेहरामोहरा बदलत नाही असं फलन म्हणजे `e^(rx)`. दर वेळी त्याला फक्त r ने गुणलं जातं. ते समीकरणात घातलं की `e^(rx)` सामाईक निघतं आणि साधं बीजगणित उरतं: `r³ − 3r² + 4 = 0`.

घन समीकरणाची मुळं अंदाजाने शोधायची म्हणजे अंधारात तीर मारायचा नाही. हेच समीकरण `r²(r − 3) = −4` असं लिहून पाहा. r पूर्णांक असेल, तर त्याने ४ ला निःशेष भाग जायलाच हवा. r³ चा सहगुणक १ असल्यामुळे अपूर्णांक मूळ शक्यच नाही. म्हणजे उमेदवार सहाच: ±१, ±२, ±४. १ घातला तर २ येतात, म्हणून तो बाद. −१ घातला तर −१ − ३ + ४ = ०. पहिलं मूळ हाती लागलं.

आता नववीत शिकलेला संश्लेषक भागाकार. सहगुणक मांडायचे १, −३, ०, ४. समीकरणात r चं पद नाही, म्हणून त्याच्या जागी शून्य लिहायचंच. चुका बहुधा इथेच होतात. −१ ने भागल्यावर १, −४, ४ आणि बाकी ० येते. बाकी शून्य आली नाही, तर मांडणी तपासावी. उरलं `r² − 4r + 4`, म्हणजेच `(r − 2)²`. २ हे मूळ दोनदा आलं.

म्हणून उत्तर `A·e^(−x) + B·e^(2x)` एवढंच लिहिलं, तर ते अपुरं पडतं. समजा, x = ० ला y = ०, y' = १ आणि y'' = ४ हवं आहे. पहिल्या दोन अटींवरून A = −१/३, B = १/३ ठरतात आणि y'' ला १ होण्यावाचून गत्यंतर राहत नाही. ४ मिळवायला तिसरं, स्वतंत्र फलन लागतं. ते म्हणजे `x·e^(2x)`. त्याची दुसरी आणि तिसरी विकलनं `(4 + 4x)e^(2x)` आणि `(12 + 8x)e^(2x)`. समीकरणात घातल्यावर १२ + ८x − १२ − १२x + ४x, म्हणजे बरोबर शून्य. मघाच्या तिन्ही अटीही ते एकटंच पुरी करतं. म्हणून व्यापक उकल अशी:

`y = A·e^(−x) + (B + Cx)·e^(2x)`

समीकरण तिसऱ्या क्रमाचं, तर उत्तरात तीन स्वतंत्र स्थिरांक हवेतच. ते मोजले की राहून गेलेला x लगेच लक्षात येतो.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. `r³ − 3r + 1 = 0` मध्ये उमेदवार फक्त ±१, आणि दोन्ही नापास. मुळं तीन आहेत, तिन्ही वास्तव, पण अपरिमेय. तिथे यादी मिटवून कॅल्क्युलेटरवर दशांशात मुळं काढावी लागतात. पुढची उकल मात्र त्याच रीतीने बांधायची.