शततमक आणि बालकाचे वजन

नाशिकच्या एखाद्या दवाखान्यात एक वर्षाच्या मुलीचे वजन ७.९ किलो भरले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यावर तो बिंदू पंधराव्या शततमकाच्या रेषेवर पडतो. हे शंभरांपैकी पंधरा गुण नव्हेत. गुणपत्रिकेच्या सवयीने तसा भास होतो इतकेच. त्या वयाच्या शंभर निरोगी मुलींत सुमारे पंधरा तिच्याहून हलक्या असतात, एवढाच त्याचा अर्थ. सहाव्या महिन्यात तिचे वजन ६.४ किलो असेल, तर ती आपल्याच रेषेने वाढत आहे. ते ७.३ असेल, तर मात्र ती मध्यरेषेवरून घसरली असून कारण शोधणे अगत्याचे ठरते. एकट्या बिंदूवरून हा भेद कळत नाही. आणि मुलगी ठेंगणी आहे की कृश, हे तर उंची मोजल्यावाचून समजणारच नाही.